एक्स-रेवर फुप्फुसाची सुटलेली कड कशी ओळखायची

प्रश्न: काल दुपारी बसल्या जागी डाव्या छातीत एकदम कळ आली, श्वास घेतला की टोचतं. तासगावात एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले फुप्फुसाची कड सुटलीय, बाहेर हवा अडकलीय, मिरजेला जा. रिपोर्टमध्ये १.५ सेमी लिहिलंय. मला तर फोटोत सगळं काळंच दिसतंय. वय २३, सिगरेट ओढतो. एवढ्याशा गोष्टीसाठी ॲडमिट व्हायला लागतं का?

उत्तर:

आधी हे सांगतो, मिरजेला आजच जा आणि गाडी स्वतः चालवत जाऊ नका, कुणाला तरी बरोबर घ्या. वाटेत किंवा घरीच धाप वाढायला लागली, दरदरून घाम आला, चक्कर आली किंवा ओठ निळे पडले तर लगेच १०८ ला फोन. अशा वेळी आत साठलेली हवा हृदयाला दाबत असू शकते आणि तेव्हा डॉक्टर दुसऱ्या एक्स-रेची वाट बघत नाहीत, सरळ सुई घालून हवा काढतात.

आता फोटो. मी एक्स-रे विभागात बरीच वर्षं काम करतोय, त्यामुळे हे रोजचं आहे. फुप्फुसावर एक पातळ आवरण असतं आणि छातीच्या भिंतीला आतून दुसरं, दोन्ही एकमेकांना चिकटल्यासारखी असतात. तुमच्या वयाच्या, उंच सडपातळ आणि त्यात सिगरेट ओढणाऱ्या पोरांच्यात फुप्फुसाच्या टोकाला कधीकधी बारीक फुगे असतात, त्यातला एखादा फुटला की हवा या दोन आवरणांच्या मधे शिरते आणि फुप्फुस आपोआप आत आकसतं. म्हणून जड काही उचललेलं नसतानाही बसल्या जागी कळ येते.

फोटो बघताना मधला भाग सोडा, डाव्या बाजूला गळपट्टीच्या हाडाच्या वर बघा. उभं राहून फोटो काढला की हवा वर जाते म्हणून कड तिथंच आधी सापडते. (तुमचा डावा हात फोटोत उजवीकडे असतो, तिकडं बघा.) रांगोळीच्या बारीक रेघेसारखी एक पांढरी रेघ छातीच्या भिंतीला समांतर वळत खाली येताना दिसेल. तिच्या आत रक्तवाहिन्यांच्या पांढुरक्या फांद्या पसरलेल्या असतात, रेघेच्या बाहेर एकही फांदी नसते, नुसतं सपाट काळं. ते काळं म्हणजेच अडकलेली हवा. फक्त रेघ दिसली म्हणून भागत नाही, बाहेर फांद्या नाहीत हे बघायचंच, कारण कातडीची घडी आणि खांद्याच्या पात्याची कडसुद्धा अशीच फसवते. फांद्या रेघ ओलांडून पुढं जात असतील तर ती फुप्फुसाची कड नव्हे. आणि मोबाईलवर काढलेल्या फोटोत ही रेघ बऱ्याचदा हरवते, त्यामुळे मूळ फिल्मच बरोबर न्या.

आता ते १.५ सेमी. एवढंसं वाटतंय ना, पण फुप्फुस चहूबाजूंनी आकसतं, एका बाजूनं नाही. समजा मधल्या भागात, जिथून रक्तवाहिन्या फुप्फुसात शिरतात त्या पातळीला तुमच्या छातीची एक बाजू १० सेमी रुंद आहे आणि फुप्फुस आता ८.५ सेमी उरलंय. आकारमान धरायचं तर घन करायचा, ८.५ चा घन साधारण ६१४ आणि १० चा १०००, म्हणजे जवळजवळ ३९ टक्के जागा हवेनं घेतली. हा ढोबळ हिशोब आहे, पण पट्टीवर दीड दिसलं म्हणून किरकोळ असं का म्हणत नाहीत ते यातून कळतं. २ सेमीला हाच आकडा निम्म्यावर जातो.

ही हवा शरीर आपलं आपण शोषतं, पण रोज जेमतेम सव्वा ते दोन टक्के. म्हणजे तुमच्या बाबतीत काही न करता तीन-चार आठवडे सहज, तेही आतली गळती थांबलेली असेल तरच. म्हणून पाठवलंय. धाप नसेल, ऑक्सिजन चांगला असेल तर तिथं नुसतं लक्ष ठेवून परत एक्स-रे काढतील, हल्ली सेमीपेक्षा पेशंटला त्रास किती यावरच जास्त ठरतं. धाप असेल तर सुईनं हवा ओढतील, नाहीतर काखेखालून नळी घालून ती पाण्याच्या बाटलीला जोडतील. नळी बसलीच तर बाटली कायम छातीच्या खाली ठेवायची, कुणी उचलून कॉटवर ठेवली तर लगेच खाली ठेवायला सांगा, नाहीतर पाणी उलटं आत जाऊ शकतं. पाण्यात बुडबुडे येतायत म्हणजे हवा निघतेय, त्या वेळी नळीला चिमटा लावायचा नाही.

मिरजेत डॉक्टरांना सिगरेटचं स्पष्ट सांगा, घरी कुणाला टीबी झाला असेल तर तेही सांगा, टीबीनंसुद्धा हे होतं आणि मग उपचार वेगळा. एकदा झालं की परत होण्याची शक्यता बरीच असते, सिगरेट चालू राहिली तर आणखी वाढते. हवा पूर्ण गेल्याचं एक्स-रेवर दिसून डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत विमानप्रवास नको, वर हवेचा दाब कमी झाला की आत अडकलेली हवा फुगते. पुढच्या एक्स-रेला हाच जुना फोटो शेजारी लावून बघायला सांगा, कड भिंतीकडं सरकतेय की लांब जातेय ते त्याच्याशिवाय समजत नाही.