तेलकट कढई आणि साबणाचा थेंब

प्रश्न: पुऱ्या तळलेली कढई नुसत्या पाण्याखाली कितीही चोळली तरी हाताला ओशटच लागते, पण साबण लावला की लगेच साफ होते. पाणी एकटे का पुरत नाही? साबण नेमके काय करतो? विज्ञान दहावीनंतर सुटले आहे, म्हणून सोप्या भाषेत सांगा.

उत्तर: सुरुवात साबणापासून न करता पाण्यापासून केलेली बरी, कारण अडचणीचे मूळ पाण्याच्या स्वभावात आहे. पाण्याच्या प्रत्येक रेणूची एक बाजू किंचित धनभारित आणि दुसरी किंचित ऋणभारित असते, त्यामुळे शेजारचे रेणू एकमेकांना घट्ट ओढून धरतात. मीठ किंवा साखर पाण्यात विरघळते, कारण त्यांच्यातही असे विद्युतभार असल्याने पाण्याचे रेणू त्यांना आपल्यात सामावून घेतात. तेल मात्र कार्बन आणि हायड्रोजनच्या लांब साखळ्यांचे बनलेले असते आणि त्या साखळ्यांवर पाण्याला धरता येईल असा भार जवळजवळ नसतो. तेल पाण्याचा द्वेष करते असे पुष्कळदा सांगितले जाते, पण मला ते मांडणे दिशाभूल करणारे वाटते. खरे असे की पाण्याची पाण्यावरची ओढ इतकी जास्त असते की मध्ये आलेल्या तेलाला ते बाजूला सारते. कढईवर पाणी सोडले की ते तेलावर पसरण्याऐवजी थेंब होऊन घरंगळते, ते याच ओढीमुळे, आणि तिलाच पृष्ठताण म्हणतात. म्हणजे तुम्ही चोळता तेव्हा पाणी तेलाच्या वरून वाहून जाते. तेल आणि धातू यांच्यामध्ये ते शिरतच नाही.

साबणाचा रेणू लांबट असतो. त्याचे एक टोक विद्युतभारित असल्यामुळे पाण्यात रमते आणि बाकीची लांब शेपटी तेलासारखीच कार्बनच्या साखळीची असते. भांड्यांच्या द्रव साबणांत वापरल्या जाणाऱ्या रेणूंमध्ये ही शेपटी बहुधा बारा कार्बनच्या आसपास असते. असा रेणू पाण्यात पडला की त्याची शेपटी पाण्यात अवघडते, आणि जिथे पाणी संपून तेल सुरू होते त्या सीमेवर त्याला नेमकी जागा सापडते: शेपटी तेलात, डोके पाण्यात. अशा असंख्य रेणूंनी ती सीमा भरून गेली की पाण्याला तेलालगत राहणे पूर्वीसारखे जड जात नाही.

यानंतर जे घडते ते डोळ्यांनी पाहण्यासारखे आहे. स्टीलच्या ताटलीत मिसळीच्या तर्रीचा लाल तवंग थोडासा पसरू द्या आणि ताटली कोमट पाण्याच्या पातेल्यात आडवी बुडवा. आता ताटलीच्या कडेशी साबणाचे दोन-तीन थेंब हळूच सोडा आणि पाणी जरासे हलवा. काही वेळातच पसरलेला तवंग कडांकडून आत आकसू लागतो, त्याचे गोल मणी होतात आणि त्यांतले कित्येक ताटली सोडून वर येतात. याचे कारण असे की साबणमिश्रित पाणी आता धातूला सहज चिकटते आणि तेलाच्या कडेखालून आत सरकत जाते; पायाखालची जागा गेल्यामुळे तेलाला गोल होण्यावाचून पर्याय उरत नाही. भांडे स्वच्छ होण्याचा मोठा भाग इथेच पार पडतो. काथ्या किंवा घासणी तेल खरवडते असे वाटते, पण तिचे मुख्य काम पाण्याला कडा उघडून देणे आणि सुटलेल्या मण्यांचे आणखी बारीक तुकडे करणे हे आहे.

सुटलेले तेल पुन्हा भांड्यावर का बसत नाही, हे समजण्यासाठी एक बाटली घ्या. पेलाभर पाणी आणि चमचाभर तेल घालून झाकण लावा आणि जोराने हलवा. क्षणभर ते एकजीव झाल्यासारखे दिसते, पण लगेच थेंब थेंबांना मिळू लागतात आणि थोड्याच वेळात तेलाचा थर वर येतो. आता आठ-दहा थेंब भांड्यांचा द्रव साबण घालून तसेच हलवा. मिश्रण दुधासारखे पांढरे होते आणि बराच वेळ तसेच राहते. तेल विरघळलेले नसते. त्याचे इतके सूक्ष्म थेंब झालेले असतात की त्यांच्यावर प्रकाश विखुरतो, म्हणून ते पांढरे दिसते. प्रत्येक थेंबाभोवती साबणाच्या रेणूंचे कवच असते आणि त्यांची ऋणभारित डोकी बाहेरच्या बाजूला असतात, त्यामुळे दोन थेंब जवळ आले की एकमेकांना दूर ढकलतात. कढई विसळताना हेच थेंब पाण्याबरोबर मोरीत जातात.

पुस्तकांतल्या चित्रांत बहुधा साबणाच्या रेणूंचा एक छोटा गोळा दाखवतात, ज्याला मायसेल म्हणतात, आणि त्याने तेल पोटात घेतले असे लिहितात. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. मायसेलची रुंदी काही नॅनोमीटर इतकीच असते, तर भांड्यावरून सुटणारे तेलाचे थेंब त्याच्या शेकडो पट मोठे असतात, म्हणून तेलाचा मोठा वाटा वर सांगितलेल्या थेंबांच्या रूपानेच जातो. मायसेलचा खरा उपयोग राखीव साठ्यासारखा असतो: तेलाची नवी सीमा उघडी पडली की त्यांतून रेणू तिकडे जातात. पाण्यात साबण एका ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असेल तरच मायसेल तयार होतात. सोडियम लॉरील सल्फेट या नेहमीच्या घटकासाठी हे प्रमाण साध्या पाण्यात लिटरमागे सुमारे 2.3 ग्रॅम आहे. बादलीभर पाण्यात चार थेंब टाकून कढई बुडवली तर फारसे काही होत नाही आणि तोच साबण ओल्या घासणीवर घेऊन थेट लावला तर लगेच गुण येतो, तो यामुळे. घासता घासता फेस मरून घासणी मेणचट लागू लागली, तर बहुतेक साबण तेलाभोवती गुंतला आहे असे समजावे. अशा वेळी जोर वाढवण्यापेक्षा घासणी धुऊन साबण पुन्हा घ्यावा.

कोमट पाण्याचा प्रश्न बरेच जण विचारतात. थिजलेले तूप किंवा वनस्पती तूप घट्ट असेपर्यंत आकसून मणी होऊ शकत नाही, म्हणून थंडीत साबणही निष्प्रभ वाटतो. हाताला सोसेल इतके गरम पाणी ते वितळवते आणि मग वरची सारी क्रिया सुरू होते.

बोअरवेलच्या जड पाण्यात अंगाचा साबण वापरून भांडी घासलीत, तर त्यातला साबण पाण्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी जुळून पांढरा चिकट साका होतो आणि भांड्यावर उलट थर बसतो. बाजारातल्या भांड्यांच्या वड्या आणि द्रव हे रसायनशास्त्राच्या भाषेत साबण नसून डिटर्जंट असतात. जड पाण्यात त्यांचाही जोर काहीसा कमी होतो, पण तसा साका सहसा होत नाही.

आता कढईच्या काठाला पिवळसर-तपकिरी, वार्निशसारखा कडक थर दिसत असेल, तर तिथे साबणाकडून अपेक्षा ठेवू नका. ते तेल पुन्हा पुन्हा तापून त्याच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या गेलेल्या असतात, त्यामुळे ते द्रव उरलेले नसते आणि पाण्याला त्याच्याखाली सरकता येत नाही. ओळख सोपी आहे: नखाने ओढल्यावर बोट ओशट झाले तर ते साबणाने निघेल, बोट कोरडे राहिले आणि नख नुसते घसरले, तर तो थर घासूनच काढावा लागेल.