पोचपावती निळी नसते

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक जण सारखं लिहितो, "निळी पोचपावती मिळाली, उत्तर मात्र नाही." हे मराठी बरोबर आहे का? आणि 'लेफ्ट ऑन रीड'ला आपल्याकडे काही शब्द आहे का? (धरमपेठ, नागपूर)

बरोबर नाही, आणि हा घोळ आता फार ऐकू येऊन राहिला आहे. पोचपावती करडी असते. रजिस्टर पत्राला जोडलेलं कार्ड आठवा : घेणाऱ्यानं सही केली की ते पाठवणाऱ्याकडे परत यायचं. पाकीट फोडलं की तसंच कपाटात टाकलं, हे त्या कार्डाला ठाऊक नसे. व्हॉट्सअ‍ॅपवर हे काम दोन करड्या टिका करतात. एक करडी टिक म्हणजे मेसेज तुमच्या फोनातून निघाला, दोन म्हणजे समोरच्या फोनात उतरला. निळा रंग नोव्हेंबर २०१४ मध्ये आला, तो त्यापुढची पायरी सांगायला. त्याला पोच म्हटलं की दोन पायऱ्यांची एक होते आणि रुसवेफुगवे तिथेच सुरू होतात.

काही शुद्धलेखनवाले सांगतात की पोच आणि पावती एकच, म्हणून 'पोचपावती' ही 'पिवळा पीतांबर'सारखी द्विरुक्ती. हे मला अजिबात मान्य नाही. पोच म्हणजे पोचणं, पावती म्हणजे त्या पोचण्याचा पुरावा. घटना वेगळी, तिचा कागद वेगळा.

खरी गंमत 'पावती'च्या पोटात आहे. संस्कृत 'प्राप्नोति', प्राकृत 'पावइ', मराठी 'पावणे'. मूळ अर्थ पोचणे, मिळणे. जुन्या पत्रांत सुरुवातीलाच असे : पत्र पावले, मजकूर कळला. दोन क्रियापदं, दोन पायऱ्या. 'पावले' म्हणजे आपल्या दोन करड्या टिका, आणि 'कळला' हे निळीच्याही पुढचं, कारण ते वाचणारा स्वतः लिहून कळवत असे. पण हेच 'पावणे' देवाकडे गेलं की अर्थ पुढे सरकतो. टेकडीचा गणपती नवसाला पावला म्हणजे हाक पोचली एवढंच नव्हे, उत्तरही आलं. आरतीतलं 'संकटी पावावे' हेच मागतं. माझं ठाम मत असं की मराठी माणसानं पोचणं आणि प्रतिसाद देणं ही एकाच क्रियापदाची दोन टोकं मानली, आणि अनुत्तरित मेसेजची सगळी तगमग या दोन टोकांमधल्या अंतरात आहे : मेसेज पावला, माणूस पावला नाही.

आता निळ्या टिकेचा नेमका अर्थ पाहा. तिचा अर्थ 'वाचलं' असाही नाही. चॅट पडद्यावर उघडली, इतकाच. समजा, सीताबर्डीतल्या दुकानाला तुम्ही सकाळी ११ वाजता विचारलं, "फॉल-बीडिंग झालं का?" ११:०५ ला दोन करड्या टिका, ११:२० ला निळ्या, उत्तर रात्री ८ ला. मधल्या काळात 'भाव खाऊन राहिले' असं म्हणणं घाईचं आहे. गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरवर तुमची चॅट उघडी असेल, तर मालक गिऱ्हाइकाला साड्या दाखवत असतानाही टिका निळ्या होतात. उलट, वरून खाली आलेल्या नोटिफिकेशनमध्ये अख्खा मेसेज वाचला तरी टिका करड्याच राहतात.

करड्या राहण्याचं दुसरं कारण सेटिंग. प्रायव्हसीमध्ये रीड रिसीट बंद केल्या की आपलं वाचलेलं दुसऱ्याला दिसत नाही, पण दुसऱ्याचंही आपल्याला दिसत नाही. ही सोय ग्रुपला लागू नाही. व्हॉइस मेसेजलाही नाही : ऐकला की माइकचं चिन्ह निळं होतंच. म्हणून ज्याच्या टिका कधीच निळ्या होत नाहीत, त्याला पाठवलेल्या व्हॉइस मेसेजचा माइक निळा झाला, तर त्यानं रिसीट बंद ठेवल्या आहेत असं समजावं.

तुमच्या ग्रुपवर तर निळ्या टिकेची आणखी एक अट आहे. सगळ्या सदस्यांनी चॅट उघडल्याशिवाय ती येत नाही. चाळिसातल्या एकानं चॅट उघडली नाही तरी टिका करड्या. कोणी पाहिलं हे हवं असेल तर आपला मेसेज दाबून धरा आणि 'इन्फो' उघडा, तिथे नावं वेळेसकट दिसतात.

शब्दाचं म्हणाल तर 'सीन केलं' मला खटकतं, कारण आपल्याकडे 'सीन' म्हणजे तमाशा. "त्यानं ग्रुपवर सीन केला" याचे दोन अर्थ होतात. नागपुरात सहज निघतं ते वाक्य पुरेसं आहे : "पाहून सोडून दिलं." त्या गृहस्थांना सांगा, "पाहिलं, पण पावले नाहीत" असं लिहा. पोचपावती करड्या टिकांसाठी राहू द्या.