रिंग्ड सिडेरोब्लास्ट दिसले म्हणजे मायलोडिस्प्लासियाच असतो का? शिशाचा विचार कधी करावा?

प्रश्न: माझ्या काकांच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये ‘कोअर्स बेसोफिलिक स्टिपलिंग’ आणि बोन मॅरोच्या रिपोर्टमध्ये ‘रिंग्ड सिडेरोब्लास्ट’ असे लिहिले आहे. डॉक्टर मायलोडिस्प्लासिया म्हणतात. हे शिशाच्या विषबाधेमुळे असू शकते का? लोहाच्या गोळ्या चालू ठेवाव्यात का?

उत्तर: होय, असू शकते. शिशाची तपासणी झाल्याशिवाय मायलोडिस्प्लासियाचे, म्हणजे बोन मॅरोत रक्तपेशी नीट न घडण्याच्या आजाराचे, निदान स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मी पॅथॉलॉजिस्ट आहे आणि हे मत पुस्तकापेक्षा माझ्या मामांच्या आजारपणातून अधिक पक्के झाले आहे.

२०११ साली मामा ६१ वर्षांचे होते. सहा महिने त्यांना थकवा होता, पोटात कळा येऊन ते वाकून बसत आणि बद्धकोष्ठता इतकी होती की त्यांची सोनोग्राफी आणि एंडोस्कोपी दोन्ही झाल्या. दोन्हीत काही सापडले नाही. हिमोग्लोबिन ७.६ होते, म्हणून त्यांना लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि पाच महिने त्या चालू राहिल्या. हिमोग्लोबिन हलले नाही. मग कोणीतरी शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन तपासले, तर ते ३८० निघाले. शरीरात लोह भरपूर होते, पण ते हिमोग्लोबिनपर्यंत पोहोचत नव्हते. गोळ्या तेव्हा बंद झाल्या, मात्र असे का होते आहे हा प्रश्न कोणी विचारला नाही. एका मोठ्या रुग्णालयात बोन मॅरो झाला, लोहाच्या रंगात २२ टक्के रिंग्ड सिडेरोब्लास्ट, म्हणजे केंद्रकाभोवती लोहाचे वलय असलेल्या कोवळ्या तांबड्या पेशी, मोजले गेले आणि मामींना सांगण्यात आले की हा मायलोडिस्प्लासिया आहे, पुढे वरचेवर रक्त चढवावे लागेल.

मी त्या स्लाइड्स मागवून घेतल्या. बोन मॅरोचे वाचन चूक नव्हते. लोहाला निळे करणाऱ्या पर्ल्सच्या प्रशियन ब्लू रंगात कोवळ्या तांबड्या पेशींच्या केंद्रकाभोवती निळे कण गोलाकार बसलेले स्पष्ट दिसत होते. नियम असा आहे की असे किमान पाच कण असावेत आणि त्यांनी केंद्रकाच्या परिघाचा किमान एक तृतीयांश भाग वेढलेला असावा. ते दोन्ही होते. माझा आक्षेप मोजणीला नव्हता. तिच्यावरून थेट रोगाच्या नावावर उडी मारण्याला होता.

हे वलय कशामुळे पडते ते नीट समजून घेतले तर आक्षेपही समजेल. हीम हा रेणू तयार होण्याची सुरुवात आणि शेवट पेशीच्या मायटोकाँड्रियात होतो आणि मधल्या पायऱ्या बाहेरच्या पेशीद्रवात होतात. शिसे यातील दोन एन्झाइमांवर विशेषतः घाव घालते. एक आहे पेशीद्रवातील डेल्टा-एएलए डिहायड्रेटेज. दुसरे आहे मायटोकाँड्रियातील फेरोकिलाटेज, जे तयार पोर्फिरिनच्या सांगाड्यात लोह बसवते. ते अडले की लोह मायटोकाँड्रियापर्यंत येऊन पोहोचते, पण पुढे जात नाही. ते तिथेच साठते, आणि हे मायटोकाँड्रिया केंद्रकाला लागून असल्यामुळे आपल्याला ते वलय दिसते. म्हणजे वलय इतकेच सांगते की लोह दारात अडले आहे. दार कोणी बंद केले ते ते सांगत नाही. एखाद्या जनुकातील बिघाड, दारू, क्षयरोगावरील आयसोनियाझिड, लिनेझोलिड, तांब्याची कमतरता आणि शिसे, हे सर्व तेच दृश्य निर्माण करू शकतात.

ठिपक्यांची गोष्ट वेगळी आहे आणि माझ्या मते तीच इथे अधिक बोलकी आहे. बेसोफिलिक स्टिपलिंग म्हणजे परिघीय रक्तातील तांबड्या पेशीत, लेशमनसारख्या नेहमीच्या रंगात, पेशीभर विखुरलेले निळे ठिपके. हे लोह नाही. तांबडी पेशी पक्व होताना तिच्यातील रायबोसोमचे आरएनए मोडून काढले जाते आणि त्या कामात पिरिमिडीन ५'-न्यूक्लिओटिडेज हे एन्झाइम लागते. शिसे त्यालाही अडवते. मग न मोडलेल्या रायबोसोमचे पुंजके पेशीत तसेच राहतात आणि निळा रंग घेतात. म्हणून हे ठिपके पर्ल्सच्या रंगात निळे होत नाहीत. जे होतात ते पॅपेनहायमर कण, आणि ते खरोखर लोहाचे असतात. त्यामुळे तुमच्या काकांच्या रिपोर्टमधील दोन गोष्टी एकाच घटनेची दोन नावे नाहीत. शिशाच्या बाधेत ही दोन वेगळ्या एन्झाइमांना झालेली इजा असते, जी दोन वेगळ्या रंगांत दिसते. शिसे या दोघांनाही गाठते, म्हणून दोन्ही खुणा एकत्र आल्या की शिशाचा विचार केलाच पाहिजे.

मामांच्या रक्ताच्या स्लाइडवर स्टिपलिंगचा उल्लेख नव्हता. मी स्वतः पाहिले तेव्हाही फारसे दिसले नाही, कुठेतरी एखादी पेशी. मी त्या विभागाच्या ज्येष्ठ डॉक्टरांना फोन केला आणि बोटाच्या टोकातून ताजे रक्त घेऊन स्लाइड करावी अशी विनंती केली. रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या नळीत ते काही तास राहिले की शिशाचे ठिपके फिके होऊ शकतात, आणि त्यांच्याकडील स्लाइड आदल्या दिवशीच्या नळीतून केलेली होती. त्यांचे उत्तर मला आजही शब्दशः आठवते: “मॅडम, मॅरो केल्यानंतर परिघीय रक्ताला कोण विचारतो? स्टिपलिंग तर आपल्याकडे थॅलेसेमिया मायनरच्या दर दुसऱ्या पेशंटमध्ये दिसते.” थॅलेसेमियाबद्दलचे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण मामांचे हिमोग्लोबिन पाच वर्षांपूर्वी १४ होते आणि थॅलेसेमिया मायनर वयाच्या साठाव्या वर्षी अचानक सुरू होत नाही.

मी मामांच्या घरी जाऊन बोटातून रक्त घेतले, जागीच स्लाइड ओढली आणि त्याच संध्याकाळी रंगवली. जवळपास प्रत्येक दृष्टिक्षेत्रात जाड, ठळक ठिपक्यांच्या पेशी होत्या. शिवाय तांबड्या पेशींचा सरासरी आकार सांगणारे एमसीव्ही ७९ होते. मायलोडिस्प्लासियात रिंग्ड सिडेरोब्लास्ट असताना पेशी बहुधा मोठ्या असतात आणि एमसीव्ही १०० च्या आसपास किंवा त्यावर जाते, तर शिशाच्या बाधेत त्या सामान्य किंवा किंचित लहान राहतात. हा फरक निर्णायक नाही, पण तो पहिल्या दिवसापासून छापील रिपोर्टमध्ये होता.

आणि मग मी तो प्रश्न विचारला जो सहा महिन्यांत कोणी विचारला नव्हता: मामा, तुम्ही आणखी काय घेता? मामींनी कपाटातून कागदी पुड्यांचा डबा काढला. मधुमेहासाठी एका वैद्यांकडून आणलेली काळसर भुकटी, मधातून दिवसातून दोनदा, अकरा महिने. डॉक्टरांना सांगितले नव्हते, कारण त्यांच्या लेखी ते औषध नव्हते, “आयुर्वेदाचे” होते. रक्तातील शिसे ९४ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर आले. भुकटीची तपासणी केली, तर तिच्यातही शिसे भरपूर निघाले.

मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही. पण रसशास्त्रात नाग म्हणजे शिसे आणि नाग भस्म म्हणजे शिशाचे भस्म, हे कोणापासून लपलेले नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेली दक्षिण आशियात बनलेली ७० आयुर्वेदिक उत्पादने तपासली गेली, तेव्हा त्यांतील १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. त्यामुळे “नैसर्गिक आहे” या उत्तरावर मी थांबत नाही. कोणत्या पुडीत काय आहे हे तपासल्याशिवाय कळत नाही.

पुड्या त्याच दिवशी बंद झाल्या. मामांना रुग्णालयात दाखल करून पाच दिवस शिसे बांधून शरीराबाहेर काढणारे कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए शिरेतून दिले गेले. पातळी ३८ पर्यंत उतरली आणि दोन आठवड्यांनी पुन्हा ५५ झाली. घरचे घाबरले, पण हे अपेक्षित होते. रक्तातील शिसे साधारण महिन्याभरात निम्मे होते, हाडांतील मात्र वर्षानुवर्षे राहते आणि रक्त स्वच्छ झाले की हाडांतून परत झिरपते. दुसरा कोर्स द्यावा लागला. पोटातील कळा पहिल्या आठवड्यातच थांबल्या होत्या. चार महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.८ झाले, रक्त एकदाही चढवावे लागले नाही, आणि बोटाच्या रक्ताच्या स्लाइडवर ठिपके जवळजवळ नाहीसे झाले होते. ती स्लाइड मी त्या ज्येष्ठांना पाठवली. त्यांनी पोच दिली नाही.

आता तुमच्या काकांबद्दल. मायलोडिस्प्लासियाच्या व्याख्येतच रिंग्ड सिडेरोब्लास्टची दुसरी कारणे आधी वगळावीत असे आहे. ती वगळली का आणि कशाने वगळली, हे तुम्ही डॉक्टरांना सरळ विचारा. आज एसएफ३बी१ या जनुकातील बदलाची तपासणी सहज होते. तो बदल सापडला तर मायलोडिस्प्लासियाची बाजू खूप भक्कम होते आणि माझे मामांवरून केलेले अनुमान तुमच्या काकांना लागू होणार नाही. काकांनी बॅटरीच्या कामात, जुन्या रंगाच्या खरवडणीत किंवा धातू वितळवण्यात कधी हात घातला आहे का, पुड्या-भस्मे-काढे घेतात का, दारू किती, क्षयरोगाची औषधे चालू आहेत का, हे सर्व लिहून न्या.

लोहाच्या गोळ्यांबद्दल: फेरिटिन न पाहता त्या चालू ठेवू नका. ते भरपूर असेल तर गोळ्यांचा उपयोग नाही आणि अडलेल्या लोहात भरच पडते. मात्र फेरिटिन खरोखर कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोह द्यावेच लागेल, कारण लोहाची कमतरता असताना आतड्यातून शिसे अधिक शोषले जाते. मी काकांना पाहिलेले नाही, हे लक्षात ठेवून वरील सर्व वाचा. शिशाच्या प्रत्येक रुग्णात रिंग्ड सिडेरोब्लास्ट दिसतातच असे नाही, ठिपके नसले म्हणून शिसे नाही असेही नाही, आणि ठिपके थॅलेसेमियात किंवा मायलोडिस्प्लासियातही असतात. निकाल स्लाइड लावत नाही, तो रक्तातील शिशाची पातळी लावते.

ती तपासणी सांगताना नमुना सीरमचा नको, संपूर्ण रक्ताचा हवा हे प्रयोगशाळेला आवर्जून सांगा. रक्तातील जवळजवळ सर्व शिसे तांबड्या पेशींत असते, त्यामुळे सीरममधील आकडा फसवा येतो. नळी सूक्ष्म धातूंच्या तपासणीसाठीची असावी. आणि त्याच वेळी, नळीत रक्त भरण्याआधी, बोटातून थेट एक स्लाइड करून घ्या, मॅरो आधीच झालेला असला तरीही.