शेड किती मोठी? आधी शेवटच्या आठवड्यातली कोंबडी मोजा

प्रश्न : माझी शेड 50 बाय 20 फूट आहे. म्हणजे 1000 चौरस फूट. एका ब्रॉयलरला एक चौरस फूट लागतो असं ऐकलंय. मग 1000 पिल्लं टाकायला हरकत नाही ना?

हरकत आहे. तुम्ही दिलेलं माप बाहेरून घेतलेलं दिसतंय. भिंत नऊ इंची असेल तर दोन्ही बाजू मिळून लांबीतून दीड फूट आणि रुंदीतून दीड फूट जातात. आत उरतात 48.5 बाय 18.5 फूट, म्हणजे साधारण 897 चौरस फूट. पत्रात पुढे तुम्ही लिहिलंय की एका टोकाला दहा फुटांची खाद्याची खोली आहे. ती आणि तिची मधली भिंत वजा केली की कोंबड्यांसाठी 38 बाय 18.5 फूट राहतात. म्हणजे जेमतेम 700 चौरस फूट. कागदावरच्या हजारातले 300 फूट कोंबडीच्या पायाखाली येतच नाहीत. म्हणून टेप नेहमी आतून लावा, आणि जिथे गादी अंथरणार तेवढीच जमीन मोजा. टांगलेली खाद्याची आणि पाण्याची भांडी मात्र वजा करू नका, ती या हिशेबात धरलेलीच असतात.

आता तो एक चौरस फूट. हा आकडा साधारण दोन किलोला विकल्या जाणाऱ्या कोंबडीचा आहे. पक्षी मोजण्याऐवजी किलो मोजले तर चूक होत नाही. बाजूंना जाळी असलेल्या, पंखे नसलेल्या शेडमध्ये विक्रीच्या दिवशी दर चौरस फुटाला दोन किलो जिवंत वजन, हे माप मी धरतो. तुमच्या 700 फुटांत 1400 किलो बसतात. दोन किलोला विकणार असाल तर 700 पक्षी. 2.4 किलोपर्यंत वाढवणार असाल तर 580च्या आसपास. उन्हाळ्यात याच्याही खालीच राहा. थंडीत थोडी सवलत घेता येते, पण हजारापर्यंत ती कधीच पोचत नाही.

खाद्याची खोली शेडला लागून बाहेर काढता आली तर पूर्ण 897 फूट मोकळे होतात आणि दोन किलोचे 900 पक्षी व्यवस्थित मावतात. नवीन भिंती उभारण्याआधी हा बदल करून पाहा.

प्रश्न : पिल्लं आणतो तेव्हा ती शेडच्या एका कोपऱ्यात मावतात, बाकी जागा पंधरा-वीस दिवस रिकामी पडून असते. मर पण होतेच. मग दहा टक्के पिल्लं जास्त टाकली तर काय बिघडतं?

पहिले तीन आठवडे काहीच बिघडत नाही, म्हणूनच हा मोह होतो. एक दिवसाचं पिल्लू चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमचं असतं आणि पाच आठवड्यांत ते दोन किलोच्या घरात जातं. ब्रूडिंगला अर्धा चौरस फूट पुष्कळ होतो, त्यामुळे 700 पिल्लांना निम्मी शेड पडद्याने अडवली तरी चालतं. पडदा दर चार-पाच दिवसांनी मागे सरकवत तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी सगळी शेड मोकळी करायची.

खरी अडचण चौथ्या आठवड्यानंतर येते. कोंबडीला घाम येत नाही. उकाडा वाढला की ती पंख अंगापासून लांब धरते, चोच उघडून धापा टाकते आणि श्वासावाटे उष्णता बाहेर टाकते. शेजारची कोंबडी चिकटून बसली असेल तर पंखांखाली हवाच जात नाही. ती खाद्यावरून उठते, पाणी जास्त पिते, विष्ठा पातळ होते आणि गादी भिजते. भिजल्या गादीतून अमोनिया सुटतो. त्यानं डोळे चुरचुरतात आणि श्वसनाचे आजार शिरतात. म्हणजे जास्तीची दहा टक्के पिल्लं बाकीच्या नव्वद टक्क्यांचं वजन खाऊन टाकतात.

गर्दी झाली आहे का, हे गादी सांगते. मधल्या भागातली मूठभर गादी घेऊन घट्ट आवळा आणि मूठ उघडा. ती हळूहळू मोकळी झाली तर ठीक. लाडवासारखी बांधलेली राहिली तर ओल जास्त आहे. तसं असेल तर आधी पाण्याची भांडी गळत नाहीत ना, त्यांची उंची पक्ष्यांच्या पाठीला धरून आहे ना, ते बघा. ते ठीक असूनही सगळीकडे गोळाच होत असेल तर पक्षी जागेपेक्षा जास्त झालेत. चार-पाच कोंबड्या उचलून त्यांच्या पायाचा घोटा बघा. तिथे तपकिरी, जळल्यासारखे डाग असतील तर ओल आजची नाही, बऱ्याच दिवसांची आहे.

आणि मर गृहीत धरून संख्या वाढवू नका. बहुतेक मर पहिल्या आठवड्यात होते. ती कमी झाली, जी व्हावी म्हणूनच आपण राबतो, तर सगळे जास्तीचे पक्षी शेवटच्या आठवड्यात तिथेच उभे असतात.

प्रश्न : थोड्या कोंबड्या आधी विकून उरलेल्या मोठ्या केल्या तर जास्त पिल्लं टाकता येतील का?

येतील, पण हिशेब किलोवरच करायचा. वरच्याच शेडची खोली बाहेर काढली असं समजू. 897 फुटांत सुमारे 1790 किलो बसतात. 1000 पक्षी सरासरी 1.75 किलोचे झाले की वजन 1750 किलो होतं. तिथे थांबून 300 काढायचे. उरलेले 700 पक्षी 2.5 किलोपर्यंत गेले तरी पुन्हा 1750 किलोच होतात.

यातला कच्चा दुवा म्हणजे पहिली उचल. त्या वयात कोंबडी दिवसाला 80-90 ग्रॅम वाढते, म्हणजे हजार पक्ष्यांचं वजन रोज 80-90 किलोनं चढतं. गाडी तीन दिवस उशिरा आली तर शेडमध्ये अडीचशे किलो जास्त झालेले असतात. उचलणारा वेळेला येईल याची पक्की खात्री असेल तरच हे करा. पकडणाऱ्यांचे पाय आणि खुराडी दुसऱ्या शेडमधून रोग आणतात. त्यामुळे पहिल्या उचलीला जंतुनाशकाची भांडी दारात हवीतच.

प्रश्न : 2000 चौरस फुटांची नवीन शेड बांधतोय. जागा चौकोनी आहे म्हणून 40 बाय 50 करू का?

नको. 25 बाय 80 करा, दोन्हीचं क्षेत्रफळ सारखंच येतं. जाळीतून आलेला वारा रुंद शेडच्या मध्यापर्यंत पोचत नाही, त्यामुळे मधले दहा-बारा फूट मोजणीत दिसतात पण कोंबड्या तिथे सुखानं बसत नाहीत. उघड्या शेडची रुंदी तीस फुटांच्या आत ठेवा, लांबी लागेल तेवढी वाढवा. लांब बाजू पूर्व-पश्चिम असली की ऊन आत कमी शिरतं.

प्रश्न : अंड्यांसाठी 200 कोंबड्या गादीवर ठेवायच्या आहेत. त्यांनाही किलोचा हिशेब लावायचा का?

इथे तो उपयोगी नाही. ब्रॉयलर दीड महिन्यात जातो, अंड्यांची कोंबडी त्याच जमिनीवर वर्षभर आणि वरही राहते. तिला दोन चौरस फूट धरा, जड जातीच्या असतील तर अडीच. 200 ला आतून 20 बाय 20 फूट होतात. पाच कोंबड्यांमागे एक याप्रमाणे चाळीस घरटी लागतील. एक बाय एक फुटाची घरटी जमिनीवर मांडली तर चाळीस फूट, म्हणजे वीस कोंबड्यांची जागा अडते. तीच भिंतीला लावून, दीड-दोन फूट उंचावर ठेवली तर खालची जमीन मोकळी राहते.