मिरवणुकीच्या पुढची मोकळी जागा

*पुढच्या महिन्यात एका समाजाच्या सणाची मिरवणूक शूट करायची आहे. मी त्या समाजातला नाही. परवानगी कोणाची घ्यायची, गर्दीत उभं कुठे राहायचं आणि चालता चालता शॉट हलू नयेत म्हणून काय करायचं? गिंबल कोणता घेऊ?*

गिंबलचं नंतर बघू. मी पहिल्यांदा अशी मिरवणूक शूट केली तेव्हा माझ्याकडे उत्तम गिंबल होता, आयोजकांचं सहीशिक्क्याचं पत्र होतं, गळ्यात ओळखपत्र होतं. तरीही मी ती अख्खी मिरवणूक थांबवून दाखवली.

लाकडी देव्हारा, दोन लांब दांड्या, सोळा खांदेकरी. त्यांच्या पुढे झांजवाले. झांजवाले आणि देव्हारा यांच्यामध्ये चार-पाच मीटर रस्ता रिकामा, आणि दोन्ही बाजूंना मुंगी शिरायला जागा नाही इतकी माणसं. माझा तेव्हाचा भागीदार (एडिट तो करायचा, शूट मी) कानात म्हणाला, "ती जागा तुझ्यासाठीच ठेवलीय. घूस. विचारत बसलास तर पाठमोरी डोकी घेऊन घरी जाशील." मी घुसलो. देव्हाऱ्याकडे तोंड करून उलटा चालायला लागलो. मॉनिटरवर चित्र असं दिसत होतं की मला आजूबाजूचं काही सुचेना.

पुढच्या दांडीखालच्या एका खांदेकऱ्याचे ओठ हलत होते. मला वाटलं, काहीतरी म्हणतोय, प्रार्थना असेल. मी अजून जवळ गेलो. तो म्हणत होता, "बाजूला व्हा." दांडीखाली त्याने घडी करून ठेवलेलं फडकं घामाने भिजून मागे सरकलं होतं आणि लाकूड थेट हाडावर आलं होतं. देव्हाऱ्याच्या बाजूने एक काठीवाले काका चालत होते, त्यांनी हात वर केला. सगळं थांबलं. कोणी ओरडलं नाही. कोणीतरी माझं कोपर धरलं आणि वाटेतली खुर्ची उचलून ठेवावी तसं मला कडेला ठेवलं.

ती जागा मोकळी नव्हती, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. पुढच्या खांदेकऱ्यांना रस्ता दिसतो तो तेवढाच. खड्डा, पायरी, सांडलेलं पाणी त्यांना त्या चार-पाच मीटरांतच बघायचं असतं, कारण मान वर करता येत नाही. आणि ताजे खांदेकरी आत येतात तेही तिथूनच, चालत्या देव्हाऱ्याला खांदा द्यायला. मी तिथे होतो म्हणून खांदा बदलता येत नव्हता, आणि माझ्यामुळे थांबावं लागलं ते आणखी वाईट. चालताना वजन एका पावलावरून दुसऱ्यावर जातं. उभं राहिलं की ते एकाच जागी बसतं.

माझ्या भागीदाराचं आजही म्हणणं आहे की तो आमचा सर्वांत चांगला शॉट होता. अकरा सेकंदांचा. त्याने तो फिल्मच्या सुरुवातीला लावला, वर संगीत टाकलं.

तर परवानगी. आयोजकांचं पत्र घ्याच, पण ते मिरवणुकीच्या कडेने धरलेल्या दोरीच्या बाहेरचं असतं. दोरीच्या आत ज्याच्या इशाऱ्यावर पावलं पडतात तो माणूस शोधा. त्याच्याकडे बहुधा पद नसतं. काठी असते, शिट्टी असते, कधी नुसता वर केलेला हात असतो. मिरवणुकीच्या आधी दोन-तीन दिवस त्याला भेटा, कॅमेरा न घेता. "शूट केलं तर चालेल का?" हा प्रश्न विचारू नका, त्याला सगळे सवयीने "हो" म्हणतात. विचारा, खांदा कुठे कुठे बदलता? कोणापुढून आडवं जायचं नाही? कॅमेरा कधी खाली ठेवायचा? उंचावरून घेतलेलं चालतं का? शेवटचा प्रश्न मला सुचलाही नसता. बाल्कनी मिळाली की आपण खूश होतो, पण पूज्य वस्तूच्या वर उभं राहणं अनेकांना खपत नाही.

दुसऱ्या वर्षी मी त्याच काठीवाल्या काकांबरोबर पूर्ण रस्ता चाललो. ते मला ओळखत होते. "तो उलटा चालणारा," एवढंच म्हणाले. त्यांनी खांदा बदलायच्या जागा दाखवल्या आणि मी गणित मांडलं. मिरवणूक साधारण 400 मीटर लांब, थांबे धरून वेग ताशी 1 किलोमीटर. म्हणजे एका जागी उभं राहिलं तर पूर्ण मिरवणूक समोरून जायला 24 मिनिटं. मागच्या समांतर गल्लीतून मला तेवढंच अंतर कापायला 6 मिनिटं पुरतात. मिरवणुकीचा पाठलाग करायची गरजच नव्हती. पुढे जायचं, उभं राहायचं, ती येऊ द्यायची. मिरवणुकीचं तोंड आणि देव्हारा समोरून गेला की गल्लीतून निघायचं आणि पुन्हा पुढे. अशा तीन जागा ठरवल्या. आदल्या वर्षी तीन तास गर्दीत ढकलाढकली करून जेवढं मिळालं होतं त्याच्या दुप्पट कामाचं फुटेज मिळालं.

तिन्हीतली सर्वांत चांगली जागा वळणावरची होती. वळणाच्या बाहेरच्या बाजूला, मागे सरकून, एखाद्या पायरीवर. तिथून आधी पूर्ण लांबी तुमच्या अंगावर चालून येते आणि मग डोळ्यांसमोर आडवी होते. एकाच जागेवरून दोन वेगळे शॉट. आतल्या कोपऱ्यावर कधीही उभं राहू नका. लांब दांडी किंवा ताणलेली दोरी वळताना आतला कोपरा कापते आणि तिथली माणसं भिंतीवर दाबली जातात. ओढायचा रथ असेल तर मात्र तो बाहेरच्या बाजूला किती फाकतो ते आधी विचारा आणि त्याहून मागे राहा.

आणि रस्त्याची एकच बाजू धरा. तुमच्या फ्रेममध्ये मिरवणूक डावीकडून उजवीकडे जात असेल तर शेवटपर्यंत तशीच जाऊ द्या. पलीकडे गेलात की एडिटमध्ये वाटतं, मंडळी परत फिरली. पलीकडे जावंच लागलं तर मध्ये एक अगदी समोरून किंवा अगदी मागून घेतलेला शॉट ठेवा, मग डोळा ते मान्य करतो.

आता चालते शॉट. तीन तासांच्या मिरवणुकीत पाच-सहा पुरतात, प्रत्येकी 15 सेकंद. उलटं चालायचं नाही. दोरीच्या कडेने, मिरवणुकीच्या दिशेने, खांदेकऱ्यांच्या जरासं पुढे राहून सरळ चालायचं आणि कॅमेरा तिरका मागे वळवायचा. पायांना पुढचा रस्ता दिसतो, चित्रात चेहरे येतात आणि मोकळी जागा मोकळी राहते. मागे एक साथीदार हवा, त्याचा हात तुमच्या पट्ट्यावर. एक हिसका म्हणजे थांब, दोन म्हणजे बाहेर नीघ. त्या गोंगाटात तोंडाने सांगितलेलं ऐकू येत नाही.

गिंबल कॅमेऱ्याचं झुकणं, कलंडणं आणि वळणं सावरतो. तुमच्या प्रत्येक पावलाला कॅमेरा पूर्णच्या पूर्ण वरखाली होतो, ते सावरणं त्याच्या तीन मोटरींच्या हातात नाही. ते काम गुडघ्यांचं. थोडे वाकवून ठेवा, टाच आधी टेकवा, मग तळवा, पावलं नेहमीच्या निम्मी. तरी उसळी दिसतेच, आणि जवळची वस्तू फ्रेममध्ये असेल तर जास्त दिसते. म्हणून दोरी धरलेले हात अगदी लेन्ससमोर येऊ देऊ नका. 24 मिमी किंवा त्याहून रुंद लेन्स ठेवा, आणि खांदेकऱ्यांच्या लयीत पाऊल टाका. उरलेली उसळी मग त्यांच्या चालीत मिसळून जाते, खटकत नाही.

फोन किंवा कॅमेऱ्यातल्या इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरणावर संध्याकाळी विसंबू नका. ते दोन फ्रेममधलं अंतर सावरतं, पण एका फ्रेमच्या आत धक्क्याने जो फराटा उमटतो तो पुसू शकत नाही. चित्र जागेवर आणि दिवे थरथरतायत, असं दिसलं की समजा तेच झालं. 25 फ्रेम आणि 1/50 शटर हे एरवी बरोबर, पण अशा वेळी 1/100 करा आणि दाणेदारपणा सोसा. वीज 50 हर्ट्झची असेल तर हे दोन्ही आकडे बहुतेक दिव्यांखाली पट्टेही येऊ देत नाहीत. 50 फ्रेमने घेऊन निम्म्या वेगाने दाखवलं तर पावलांचे धक्के जवळजवळ विरघळतात. माझा भागीदार सरसकट तेच करायचा. पण झांजेवरचा हात आणि झांजेचा आवाज मग जुळत नाही, आणि मिरवणूक पाण्याखाली चालल्यासारखी वाटते. ज्याला ती चाल दाखवायची आहे त्याने ती निम्मी करू नये, हे मी त्याला दहा वेळा सांगितलं.

आधी सांगायला हवं होतं ते आता सांगतो. गर्दी चौरस मीटरमागे चार-पाच माणसांवर गेली तर वरचं सगळं विसरा. मोजायची गरज नाही. दोन्ही खांदे एकाच वेळी दाबले जातायत, हात छातीपाशी आणता येत नाहीत, आणि कोणी ढकललं नसताना पाय सरकतोय, एवढं पुरे. गिंबल घडी करा आणि लाटेच्या उलट न जाता तिरके तिरके कडेला निघा. बाहेरच्याने दोरीच्या आत यायचंच नाही असा त्यांचा रिवाज असेल तर चालते शॉट घेऊ नका, पायरीवरून 85 मिमी लावून बसा. रडणारं, अंगात आल्यासारखं झालेलं कोणी दिसलं तर फ्रेम वळवा. नंतर संमती घेऊ म्हणता, पण नंतर तो माणूस सापडत नाही.

गिंबल कोणताही घ्या, कॅमेऱ्याचं वजन पेलेल असा.

भागीदाराशी मी आता काम करत नाही. ते अकरा सेकंद अजून त्याच्या कामाच्या नमुन्यांत पहिले येतात. मूळ फाइल माझ्याकडे आहे, संगीत न टाकलेली. नवव्या सेकंदाला झांजा थांबतात, आणि शेवटचे दोन सेकंद फक्त खांदेकऱ्यांचे श्वास ऐकू येतात.