कॅप्शनमधून मालाची ओळख पटवायची कशी? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

आमचा महिला बचत गट तिखट बनवतो. आम्ही फोटोखाली असं टाकलं होतं: ‘आमच्या येथे उत्कृष्ट दर्जाचे, शुद्ध व स्वादिष्ट लाल तिखट वाजवी दरात उपलब्ध आहे. एकदा अवश्य वापरून पहा. गुणवत्ता हीच आमची ओळख!’ तीस जणींनी अंगठा दिला, घेतलं कोणी नाही. काय चुकलं?
— भिवापूर तालुका, जि. नागपूर

तुमच्या गटाचं नाव झाका आणि तिथे शेजारच्या गावातल्या गटाचं नाव लिहा. एक अक्षरही बदलावं लागत नाही. ‘तिखट’ काढून ‘हळद’ घाला, तरी चालतं. मीठ घातलं तरी चालेल. जे वाक्य कोणाच्याही मालाला बसतं, ते वाचणारा वाचतच नाही. डोळा त्यावरून घसरतो. पहिलं काम म्हणजे अशी सगळी वाक्यं खोडणं. तुमच्या मजकुरात खोडल्यावर फक्त ‘लाल तिखट’ उरतं. वाईट वाटून घेऊ नका, बहुतेकांचं तेवढंच उरतं.

आता लिहायला बसू नका, आधी माहिती गोळा करा. तुम्ही पत्रात पुढे सहज लिहून गेलात की मिरची गटातल्याच दोघींच्या शेतातली आहे, मुकडे म्हणजे देठ तुम्ही बसून हाताने तोडता, कांडप गावातच होतं, आणि बाजारच्या तिखटासारखी चकाकी येत नाही म्हणून एका बाईंनी पाकीट परत केलं. अहो, कॅप्शन तर तिथेच पडलं होतं! मुकडा काय असतो हे सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडायच्या जागी बसलेल्या बाईला सांगावं लागत नाही, पण नागपूरच्या फ्लॅटमधल्या गिऱ्हाइकाला ते माहीत नसतं. देठासकट दळलं की वजन वाढतं आणि चव उतरते, हेही त्या गिऱ्हाइकाला कोणी सांगितलेलं नसतं.

चकाकीचं तर सोनं करता येईल. मिरचीला किंवा तिखटाला तेलाचा हात लावला की रंग उजळ आणि ओलसर दिसतो. तुम्ही तेल लावत नाही, म्हणून तुमचं तिखट कोरडं आणि जरा फिकट दिसतं. ही उणीव लपवू नका, कारणासकट सांगा. स्वतःच्या मालाचं एक वैगुण्य सांगणाऱ्याच्या बाकीच्या दोन गोष्टी लोक खऱ्या मानतात.

इथवर आल्यावर बहुतेकजण दुसऱ्या खड्ड्यात पडतात. तुमच्या गटातल्या शिकलेल्या सुनेने लिहिलेला दुसरा मसुदा असा होता: ‘विदर्भाच्या काळ्या मातीचा सुगंध, मायेचा स्पर्श आणि परंपरेची चव… आता तुमच्या स्वयंपाकघरात!’ पहिला मसुदा सरकारी पत्रासारखा होता, हा लग्नपत्रिकेसारखा झाला. नाव झाकून पाहा, हाही कोणालाही बसतो.

आवाज म्हणजे सजावट नव्हे. बोलणारी बाई कोण, ती गिऱ्हाइकाला काय म्हणते आणि कोणते शब्द तिच्या तोंडून कधीच निघणार नाहीत, एवढं ठरवलं की आवाज ठरतो. तुमच्या पत्रावरून मला दिसते ती हिशेबी, कमी बोलणारी, थोडी फटकळ ताई. ती ‘तुम्ही’ म्हणते, ‘आपण’ म्हणत नाही. ‘उत्कृष्ट’, ‘अवश्य’, ‘खास तुमच्यासाठी’ असले शब्द तिच्या तोंडी येणार नाहीत. उद्गारचिन्ह ती वापरत नाही. हे एका कागदावर लिहून ठेवा, म्हणजे उद्या मोबाईल दुसरीच्या हातात गेला तरी बोलणारी तीच राहील. मग असं होतं:

> देठासकट दळलं तर वजन वाढतं, चव नाही. म्हणून मुकडा आम्ही हाताने तोडतो.
> मिरची गटातल्याच दोघींच्या शेतातली, कांडप गावातच.
> बाजारच्या तिखटासारखं हे चकाकणार नाही, कारण तेलाचा हात लावलेला नाही. भाजीत नेहमीपेक्षा अर्धा चमचा कमी टाका, चाखा, मग लागलं तर वाढवा.
> पाव किलो १४० रुपये. नागपूरला शनिवारी गाडी येते, शुक्रवारी दुपारपर्यंत सांगा.

पहिलं वाक्य पहिलं का? इन्स्टाग्रामवर सुरुवातीची एक-दोन ओळीच दिसतात, पुढचं उघडावं लागतं. ‘नमस्कार मैत्रिणींनो’ने ती जागा खाल्ली तर मुकडा आतच राहिला. ‘अर्धा चमचा कमी’ हे वाक्य तुमच्या पत्रात नव्हतं, मी घातलं. ते खरं नसेल तर काढा. तुमच्या मालाला न लागणारा बारकावा शोभेसाठी ठेवला, तर पहिलंच गिऱ्हाईक तो पकडतं.

फरक पडला की नाही, हे अंगठ्यांवरून कळणार नाही. खाली काय विचारतात ते पाहा. ‘प्राइस?’ एवढंच येत असेल तर लोक नुसतं चाळत आहेत. ‘मुकडा म्हणजे काय हो?’, ‘शनिवारची गाडी कुठे थांबते?’ असं येऊ लागलं, की वाचलं गेलं समजा. पण फोटो अंधारात काढलेला असेल तर यातलं काहीच चालणार नाही. तिखट उन्हात, स्टीलच्या ताटात ठेवा आणि बाजूला तोडलेल्या मुकड्यांचा ढीग दिसू द्या.

जवसाच्या चटणीसाठी वऱ्हाडीत लिवलं तर चालन का? पोरगा म्हणते लोक हासतीन.
— दारव्हा, जि. यवतमाळ

पोराचं अगदीच चुकत नाही. वऱ्हाडी म्हटलं की लोकांना विनोदी व्हिडिओ आठवतो, त्यामुळे सगळं कॅप्शन वऱ्हाडीत असलं तर वाचणारा चटणी सोडून गंमत पाहतो. शिवाय बोली ऐकायला जितकी सोपी तितकी वाचायला नसते. पुण्यामुंबईचा माणूस दुसऱ्या ओळीतच अडखळतो.

म्हणून बोली एका वाक्यात ठेवा, आणि ते वाक्य काम करणाऱ्या माणसाच्या तोंडी द्या. भाव, वजन, पत्ता हे सगळं नेहमीच्या मराठीत. ते वाक्य लिहून काढू नका, बोलून काढा. जवस भाजताना मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा आणि शेजारणीला सांगावं तसं सांगा, मग ऐकून जसंच्या तसं उतरवा. तुमच्याकडून असं काहीतरी येईल:

> ‘तडतड थांबली का उतरवाची, करपली का कडू लागते.’ आमची आई जवस अशीच भाजते, घड्याळ पाहून नाही.
> जवस, सुकी मिरची, लसूण, जिरं, मीठ. बाकी काही नाही. जवसाला स्वतःचं तेल असतं, त्यामुळे चटणी लवकर खवट होते. महिन्याभरात संपवा.

‘महिन्याभरात संपवा’ लिहिल्याने विक्री कमी होईल अशी भीती वाटेल. उलट, लोक लहान पाकीट घेतात आणि परत येतात. एक मात्र सांभाळा. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे झाडीबोली आहे. तिकडच्या गिऱ्हाइकाला आपलंसं वाटावं म्हणून तिची नक्कल करू नका. तुमच्या तोंडी तुमचीच शोभते.

संत्रा तोच, बगीचा तोच, रोज नवीन काय लिहू? पुण्याचा भाचा लिहून पाठवतो, ते छान असते पण आमचं वाटत नाही.
— वरूड, जि. अमरावती

भाच्याला काम द्या, पण उलट्या बाजूने. तो कॅप्शन पाठवतो आणि तुम्ही डकवता, हे बंद करा. रोज संध्याकाळी तुम्ही त्याला एक वाक्य पाठवा: आज बगीच्यात कालपेक्षा वेगळं काय होतं. त्याने फक्त शुद्धलेखन पाहायचं, विशेषणं घालायची नाहीत. बगीच्यात उभा असलेला माणूस तुम्ही आहात. तो पुण्यात बसून ‘ताजेपणाचा अनुभव घ्या’च लिहिणार, त्याच्याकडे दुसरं आहे काय?

आणि तोच संत्रा म्हणता, पण बहार, म्हणजे झाडाच्या फुलोऱ्याचा हंगाम, कुठे तोच असतो? आंबियाचा माल साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात येतो, मृगाचा फेब्रुवारी-मार्चच्या आसपास. चव वेगळी, साल वेगळी, भाव वेगळा. फळगळ झाली, तोडणीला माणसं मिळाली नाहीत, व्यापारी येऊन झाडावरच भाव करून गेला, यातलं प्रत्येक एका दिवसाचं कॅप्शन आहे. डिसेंबरात असं लिहा:

> आंबियाचा माल सुरू. थोडा आंबटपणा आहे, रसाला आम्हाला तोच आवडतो. नुसतं गोड हवं असेल तर मृगाची वाट पाहा, फेब्रुवारीत बोलू.

‘आज घेऊ नका’ असं सांगणारा विक्रेता लोकांच्या ध्यानात राहतो. दर आठवड्याला एकदा असं लिहायला हरकत नाही. रोज लिहाल तर बाप्पा, कोणीच घेणार नाही.

‘शुद्ध’, ‘सेंद्रिय’, ‘घरगुती’, ‘शुगरवर रामबाण’ हे शब्द हळदीच्या कॅप्शनमधून काढले तर उरते काय? सगळेच तर लिहितात.
— समुद्रपूर, जि. वर्धा

‘रामबाण’ आजच काढा. मधुमेह बरा करतो असा दावा जाहिरातीत करायला १९५४ च्या औषधे आणि जादूई उपाय कायद्याने बंदी आहे, आणि कॅप्शन ही जाहिरातच आहे. ‘सेंद्रिय’ला प्रमाणपत्राचे नियम आहेत. थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला त्यात सवलत आहे, पण ‘जैविक भारत’चं चिन्ह प्रमाणपत्राशिवाय लावता येत नाही. यंत्रावर, मोठ्या प्रमाणात बनत असेल तर ‘घरगुती’ही दिशाभूल ठरू शकतं. तुमच्या भागातल्या वायगाव हळदीला भौगोलिक मानांकन आहे, पण त्याचं चिन्ह वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं.

कायदा बाजूला ठेवला तरी हे शब्द दुबळे आहेत. ‘सेंद्रिय’ म्हणायच्या ऐवजी शेतात काय टाकलं ते लिहा: ‘यंदा शेणखत आणि निंबोळी पेंड, युरिया नाही.’ ‘शुद्ध’च्या ऐवजी लिहा: ‘अख्खी हळकुंडं मागा, आम्ही देतो, दळून तुमची तुम्ही आणा.’ कोणाला वाटलं तर ही दोन्ही वाक्यं तपासून पाहता येतात. ‘शुद्ध’ कोण तपासणार?

किंमत कॅप्शनमध्ये टाकावी का? सगळे ‘इनबॉक्स करा’ म्हणतात.
— चिखली, जि. बुलढाणा

टाका, शेवटच्या ओळीत, वजनासकट. किंमत दिसली नाही की माणूस महाग समजून पुढे जातो. दर बदलत असेल तर ‘या आठवड्याचा भाव’ असं लिहा, आणि भाव बदलला की जुन्या पोस्टमध्येही बदला. जुना भाव पाहून आलेल्या गिऱ्हाइकाशी वाद घालण्यात जो वेळ जातो, त्यात दोन पाकिटं भरून होतात.