नावाची परीक्षा काउंटरवर होते

प्रश्न: नोकरी करणाऱ्या बायकांसाठी रोज वापरायच्या हलक्या सोन्याच्या दागिन्यांची नवी रेंज आणतोय. लग्नातले जड दागिने नको असतात त्यांच्यासाठी. पुण्यात आहोत. नाव काय ठेवावं?

सौभाग्य, राजलक्ष्मी, वैभव असली नावं आधी खोडा. ती तन्मणी आणि चपलाहारांच्या ट्रेवर शोभतात. तुमची गिऱ्हाईक तो ट्रे बघूनच मागे फिरणारी आहे.

लक्ष्मी रस्त्यावर आमचं घरचं सराफीचं दुकान आहे आणि मी काउंटरवर बसते. आम्ही हीच रेंज काढली तेव्हा जाहिरातवाल्याने ‘नाजूक’ सुचवलं होतं. ट्रेडमार्कच्या दृष्टीने ते कमकुवत होतं. वस्तूचा गुणच सांगणाऱ्या नावाला कायद्याच्या कलम ९ खाली हरकत येते, आणि दागिना नाजूक आहे हे कोणीही सराफ म्हणू शकतो. शिवाय बायका ‘नाजूक’ ऐकलं की पहिला प्रश्न विचारतात, “तुटणार नाही ना?” रोज लोकलच्या, बसच्या गर्दीत घालायच्या वस्तूला हा प्रश्न आपणच चिकटवायचा कशाला?

मग त्याने ‘साडेनऊ’ आणलं, ऑफिसची वेळ म्हणून. ऐकायला छान आहे, पण सोन्याच्या नावात आकडा घालू नये. गिऱ्हाइकाला तो कॅरट वाटतो, आणि आता ९ कॅरटलाही हॉलमार्क मिळतो. १८ कॅरटचा माल विकताना दर वेळी तेच समजावत बसावं लागलं असतं.

शेवटी माझ्या चुलतभावाने ‘लगबग’ पक्कं केलं. मी तेव्हाच विरोध केला होता. दादाचं म्हणणं असं की सकाळी डबा, मुलं, स्कूटर यात बाईची जी धांदल असते ती या नावात आहे. ते खरंच आहे, आणि पेठेतल्या गिऱ्हाइकांना नाव आवडलंही. पण ही रेंज घेणाऱ्या निम्म्या मुली खराडी-हिंजवडीत नोकरी करतात आणि घरी हिंदी बोलतात. आमच्या सेल्समनने एकीला फोन केला, “मॅडम, आपकी लगबग की चेन तैयार है.” पलीकडून प्रश्न आला, “लगभग मतलब? वज़न पक्का नहीं है क्या?” त्याने समजावलं, तरी ती दुकानात आल्यावर चेन पुन्हा काट्यावर ठेवायला लावली. तिचं काय चुकलं? दोन ग्रॅमच्या वस्तूत शंभर मिलिग्रॅम इकडेतिकडे झाले तर ते पाच टक्के होतात. जड हारात हा फरक कोणाच्या डोळ्यातही भरत नाही. हलक्या मालात सगळा विश्वास काट्यावर असतो, आणि आपण नावातूनच ‘अंदाजे’ ऐकवतोय. असं फोनवर पुन्हापुन्हा व्हायला लागलं, तेव्हा सेल्समननी आपणहून नाव घेणंच बंद केलं. ते आता ‘ती रोजची चेन’ म्हणतात. माणसं काउंटरवर जे नाव उच्चारत नाहीत ते नाव मेलं म्हणायचं.

मी ‘तगर’ सुचवलं होतं. पुण्याच्या जुन्या वाड्यांच्या अंगणात तगर हमखास असायची, आणि देवाला वाहायलाही सकाळी तीच तोडायचे. तिला लग्नाचा वास नाही आणि हिंदीतही ते फूलच आहे. आणखी एक कारण म्हणजे तीन अक्षरं, एकही काना-मात्रा नाही, जोडाक्षर नाही. हे तुम्हाला क्षुल्लक वाटेल, पण कुडीची फिरकी किंवा चेनचा हूक हातात घेऊन बघा. त्यावर आधी बीआयएसचा शिक्का, शुद्धता आणि सहा अक्षरी एचयूआयडी मावायला हवा. नंतर उरलेल्या जागेत लेसरने तुमचं नाव उमटतं. जोडाक्षर तिथे चिखलासारखं दिसतं.

तुमच्या हाताशी असलेली नावं आधी ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर वर्ग १४ मध्ये शोधा. शब्द टाकून झाला की उच्चारसाधर्म्याचा शोधही घ्या, कारण स्पेलिंग वेगळं असलं तरी कानाला सारखं लागणारं नाव अडतं. मग दुकानातल्या सगळ्यात वयस्क सेल्समनला ते नाव एखाद्या हिंदी आणि एखाद्या मराठी गिऱ्हाइकाशी फोनवर बोलायला लावा. तुम्ही शेजारी बसून फक्त पलीकडचा पहिला प्रश्न ऐका.

दोन ग्रॅमखालच्या वस्तूंना हॉलमार्कची सक्ती नाही. तरी तुमच्या नावाखालचा असा मालही हॉलमार्क करून घ्या. आणि तुमची विक्री फक्त पेठांत आणि कोथरूडमध्येच असेल तर माझा हिंदीचा मुद्दा तितका लागू नाही, ‘लगबग’सारखं नाव तिथे चालेलही. तनिष्कची ‘मिआ’ २०११ पासून नोकरदार बायकांसाठीच आहे आणि त्या नावाला मराठीत काही अर्थ नाही, तरी ते चाललं. पण त्यांच्यामागे देशभरची जाहिरात आहे. आपल्यासारख्यांचं नाव एका माणसाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानात जातं. दादा म्हणतो नाव काय, माल चांगला हवा. मग चेनचं वजन अगदी चोख असताना ती मुलगी ती पुन्हा काट्यावर का ठेवायला लावते, याचं उत्तर त्याने द्यावं.